चौथ्या खुर्चीचा हिशेब

“साहेब, बिले उरकत नाहीत. एक माणूस द्या.”

“मॅडम, माणूस सगळ्यांनाच हवाय. स्टोअर्सला हवाय, क्यूसीला हवाय. एवढा महिना निभावून न्या, मग बघू.”

कारखान्यांच्या केबिनमध्ये हे बोलणे वर्षातून चार-सहा वेळा होते आणि दर वेळी इथेच थांबते. काम खूप आहे हे खरे असते. मालकही खोटे बोलत नसतो, कारण सगळेच विभाग तेच सांगत त्याच्यासमोर उभे असतात. कोणाचे ऐकायचे हे ठरवायला त्याच्या हातात काही नसते. ‘खूप’ म्हणजे महिन्याला किती तास, आणि तेवढे तास मिळाले नाहीत तर वर्षाला किती रुपये जातात, या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर आली की हेच बोलणे पुढे सरकते.

मालकाच्या शंकेलाही आधार आहे. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात लिहिलेला लेख व्यवस्थापनाच्या वर्गात अजून शिकवतात. त्यांनी ब्रिटिश नौदलाचे आकडे मांडले होते. १९१४ ते १९२८ या काळात सेवेतल्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, पण नौदल कचेरीतले अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. काम घटले तरी माणसे वाढू शकतात, हे पाहिलेला मालक ‘माणूस द्या’ एवढ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

समजायला सोपे जावे म्हणून एक नमुन्याचा कारखाना घेऊ. तो नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आहे, सुटे भाग बनवतो आणि त्याच्या अकाउंट्स विभागात खरेदीची बिले पाहणारी तीन माणसे आहेत. तो कुठली एक विशिष्ट कंपनी नाही, आणि पुढचे पगार, बिले, तास हे आकडे हिशेब दाखवण्यासाठी मांडलेले आहेत. कायद्यातले दर आणि मुदती मात्र खऱ्या आहेत. विभागाच्या प्रमुख बाईंना चौथा माणूस हवा आहे.

पहिले काम म्हणजे एका माणसाचे वर्ष मोजणे. ३६५ दिवसांतून ५२ रविवार गेले की ३१३ उरतात, सणांच्या ९ सुट्ट्या गेल्या की ३०४. मग रजा. इथे नियमाप्रमाणे मिळणाऱ्या रजा लिहू नयेत. मस्टर काढून मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष घेतलेल्या रजांची सरासरी लिहावी. या विभागात ती माणशी २० दिवस निघाली. स्टॉक मोजणीला आणि प्रशिक्षणाला आणखी ४ दिवस जातात. उरले २८० दिवस.

जेवणाची सुट्टी वगळून दिवसाचे तास ८. त्यातून चहा, संगणक सुरू होणे, शॉप फ्लोअरवरून येणारे ‘जरा बघता का’ आणि पुरवठादारांचे किरकोळ फोन यांना एक तास धरला की कामाचे ७ तास उरतात. २८० गुणिले ७ म्हणजे वर्षाला १,९६० तास, महिन्याला सुमारे १६३. तीन माणसांचे मिळून महिन्याला ४९० तास. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा राहणार असल्याने तो मालकासमोर ठेवण्याआधी एचआरकडून तपासून घ्यावा. केबिनमध्ये रजेच्या आकड्यावरून वाद निघाला की मूळ मुद्दा बाजूला पडतो.

ही पद्धत कारखान्यांनी शोधलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्यांत किती परिचारिका, किती तंत्रज्ञ लागतील हे ठरवण्यासाठी १९९८ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली आणि २०१० मध्ये ती सुधारली. ‘विस्न’ या नावाने ती ओळखली जाते. एका माणसाचे वर्षातले उपलब्ध तास काढायचे, प्रत्येक कामाला लागणारा वेळ ठरवायचा, कामांची संख्या मोजायची आणि भागाकार करायचा, असा तिचा गाभा आहे. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेला ती जशी लागू पडते, तशीच बिले तपासणाऱ्या टेबलालाही.

भागाकार सोपा असतो. प्रत्येक कामाला लागणारा वेळ काढताना मात्र बहुतेकांची गाडी अडते.

खरेदीच्या बिलाला किती वेळ लागतो असे विचारले की ‘दहा-पंधरा मिनिटे’ हे उत्तर येते, आणि ते चुकीचे असते. कारण बिले एका जातीची नसतात. सरळ बिलात पर्चेस ऑर्डरचा दर, स्टोअर्सची माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल तिन्ही जुळतात. नोंद केली, टीडीएस आणि जीएसटी पाहिला, कागद फाइलला लावला की झाले. त्याला ९ मिनिटे लागतात.

आता न जुळणारे बिल पाहा. लोखंडी प्लेटचे बिल २,०४० किलोचे आहे आणि आपल्या वजनकाट्याची चिठ्ठी २,०१२ किलो म्हणते. २८ किलोचा फरक. आधी गेटच्या रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर शोधायचा, त्या दिवशी दुसरी चिठ्ठी निघाली होती का ते पाहायचे. मग स्टोअर्सला फोन. स्टोअर्सवाला जेवायला गेलेला असतो. मग पर्चेसला विचारायचे की वजनातला किती फरक चालेल असे ऑर्डरमध्ये लिहिले आहे का. मग पुरवठादाराला फोन, “आमच्या काट्यावर पूर्ण भरले होते” हे ऐकणे, २८ किलोंची डेबिट नोट बनवणे, त्यावरचा जीएसटी हिशेबात घेणे आणि शेवटी सही. मधल्या वाट पाहण्यात दुसरे काम होते हे धरूनही हाताला लागलेला निव्वळ वेळ ३२ मिनिटे.

हे आकडे मिळवायला कोणाच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभे राहायची गरज नाही, तसे उभे राहिले की माणसे वेगळ्याच चालीने काम करतात. तिघांना एक साधा तक्ता द्यावा आणि दोन आठवडे भरायला सांगावे, एक महिन्याच्या मध्यातला आणि एक महिनाअखेरचा. सोबत सॉफ्टवेअरमधल्या नोंदींच्या वेळा काढून ताडून पाहाव्यात. तक्ता खोटा भरला गेला असेल तर लगेच कळते. रोजची बेरीज नेमकी आठ तास येते आणि सगळी कामे पाच-दहाच्या पटीत असतात. असे दिसले तर रागावण्यात अर्थ नाही. तक्ता पगार कापण्यासाठी नाही, माणूस मिळवण्यासाठी आहे हे सांगून एक आठवडा पुन्हा भरून घ्यावा. आलेल्या वेळांची सरासरी काढण्यापेक्षा चढत्या क्रमाने लावून मधली वेळ घ्यावी, म्हणजे एखाद्या दिवसभर छळलेल्या बिलामुळे आकडा फुगत नाही.

विभागात महिन्याला १,६०० बिले येतात. त्यांतली १,२८० सरळ, ३२० न जुळणारी. सरळ बिलांना १९२ तास लागतात आणि न जुळणाऱ्यांना जवळपास १७१. बिलांच्या संख्येत पाचवा हिस्सा असलेली ही ३२० बिले निम्म्याच्या आसपास वेळ खातात. मालक हुशार असेल तर इथेच बोट ठेवेल. “मग ही बिले कमी करा की. माणूस कशाला?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर माणूस मागायच्या आधी तयार असावे लागते. या बाईंनी फेब्रुवारी-मार्चमध्येच न जुळणाऱ्या बिलांची कारणे लिहून काढली होती. त्यांतली बरीच बिले केवळ जुना दर ऑर्डरमध्ये तसाच राहिल्याने अडत होती. पर्चेसबरोबर बसून त्यांनी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दर सुधारण्याची पद्धत घालून दिली. न जुळणाऱ्या बिलांचे प्रमाण २६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले आणि महिन्याला सुमारे ३७ तास वाचले. राहिलेल्यांपैकी चाळीस बिले पुन्हा तपासली, तेव्हा वजनातला फरक, तपासणीत नाकारलेला माल आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या चुका हीच कारणे उरली होती. त्यांना अकाउंट्सच्या टेबलावर बसून हात घालता येत नाही. म्हणजे आता जो भार मोजला जातो आहे, तो पाणी काढून टाकल्यावरचा आहे. हा परिच्छेद अर्जात नसेल तर माणूस मागूच नये, असे या लेखाचे ठाम मत आहे. आधी घर आवरलेल्या माणसाच्या मागणीला जे वजन असते, ते इतर कशानेही येत नाही.

बिलांपलीकडची कामेही मोजायची. महिन्यातून दोनदा पेमेंट सोडायला ४४ तास, जीएसटी पोर्टलवरच्या २बी तक्त्याशी बिले जुळवायला ४८, टीडीएस आणि खर्चाची व्हाउचरे ६०, पुरवठादारांच्या खात्यांचे ताळमेळ ३०, आणि वर्षाचे ऑडिट बारा महिन्यांत वाटले तर ३५. हे सगळे २१७ तास. बिलांचे ३६३ मिळवले की महिन्याचा भार ५८० तास होतो. हाताशी आहेत ४९०. तूट ९० तासांची.

५८० ला १६३ ने भागले की साडेतीनच्या थोडे वर उत्तर येते. साडेतीन माणूस ठेवता येत नाही, मग तीन की चार? विस्न पद्धतीत यासाठी एक व्यवहारी नियम आहे. उत्तर ३.३ पर्यंत असेल तर ३ च धरायचे, त्यापुढे गेले तर ४. गट जसा मोठा, तसा जादा भार वाटून घेण्याची ताकद जास्त, असा त्यामागचा विचार आहे. म्हणूनच एकटा माणूस असेल तर १.१ च्या पुढेच दुसरा द्यावा लागतो. या विभागाचे उत्तर ३.५५ आहे. ते ३.२ आले असते तर प्रामाणिक सल्ला वेगळा असता, महिनाअखेरच्या आठवड्यासाठी कोणाला तरी अर्धवेळ बोलवा आणि एवढ्यावर थांबा.

आता हिशेबाची परीक्षा. ९० तासांची तूट खरी असेल तर ती कुठेतरी दिसलीच पाहिजे, हवेत विरून जाणार नाही. ओव्हरटाइमच्या रजिस्टरमध्ये महिन्याला सरासरी ५२ तास दिसतात. उरलेले ३८ तास म्हणजे न झालेले काम. एका बिलाला सरासरी १३.६ मिनिटे धरली तर महिन्याला १६८ बिले मागे पडायला हवीत. प्रत्यक्षात एप्रिलअखेर २१० बिले पडून होती आणि सप्टेंबरअखेर १,०४०. पाच महिन्यांत ८३० वाढली, म्हणजे महिन्याला १६६. कागदावरचा अंदाज आणि कपाटातला ढीग एकमेकांना दुजोरा देतात.

हा ताळा प्रत्येकाने घ्यावा. इतका नेमका जुळला नाही तरी चालेल, पण तूट ९० तासांची निघते आणि ओव्हरटाइमही नाही, ढीगही नाही, असे असेल तर प्रमाण वेळा फुगलेल्या आहेत असे समजावे. उलट तूट शून्य निघते आणि ढीग वाढतोच आहे, तर एखादे मोठे काम मोजायचे राहिले आहे.

चौथा माणूस आला की उपलब्ध तास ६५३ होतील आणि भार ५८०, म्हणजे सुमारे ८९ टक्के. इथे मालक म्हणेल की मग अकरा टक्के वेळ माणसे बसून राहणार. बसून राहणार नाहीत. पहिले काही महिने तो मोकळा वेळ ढीग उपसण्यात जाईल, १,०४० बिलांना सुमारे २३६ तास लागतात आणि महिन्याला ७३ जादा मिळतात. त्यानंतरही थोडी मोकळी जागा लागतेच, कारण बिले सारख्या गतीने येत नाहीत. रांगांचे गणित ही गोष्ट स्पष्ट सांगते. एकच खिडकी आहे आणि माणसे वेळीअवेळी येतात असे धरले, तर खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असताना सरासरी वाट पाहणे एका कामाच्या वेळेच्या चौपट असते. ९० टक्क्यांना ते नऊपट होते आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. तीन-चार माणसे मिळून काम करतात तिथे आकडे इतके तीव्र नसतात, पण चढ तसाच असतो. काठोकाठ भरलेल्या टेबलावर पाच तारखेला बिलांचा गठ्ठा आला की त्याचा धक्का महिनाभर ओसरत नाही.

इथवर तास झाले. आता रुपये, आणि आधी माणसाची खरी किंमत. ‘वीस हजारांचा माणूस’ हा शब्दप्रयोग अर्जात येऊ देऊ नये. महिना २०,००० रुपये पगार, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० असेल, तर मालकाच्या बाजूचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, विमा आणि प्रशासकीय आकार मिळून आणखी १ टक्का, म्हणजे १,९५० रुपये. पगार २१,००० च्या आत असल्याने ईएसआयचे ३.२५ टक्के, ६५० रुपये. १५,००० वर ८.३३ टक्के बोनसची तरतूद केली तर १,२५०. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्क्यांनी ७२२. बस आणि कँटीनचे हजार. एकूण २५,५७२ रुपये, वर्षाला सुमारे ३ लाख ७ हजार. संगणक, टेबल आणि सॉफ्टवेअरचा जादा परवाना यांचे एकदाच ६०,००० धरले की पहिल्या वर्षाचा खर्च ३ लाख ६७ हजार. हा आकडा मालकाने काढून दाखवण्याआधी आपण काढलेला बरा. खर्च लपवला की पुढचे सगळे आकडे संशयित होतात.

माणूस न घेण्याचा खर्च मोजताना हात आखडता ठेवावा लागतो. ओव्हरटाइमपासून सुरुवात करू. २४,००० पगाराच्या माणसाचा तास २६ दिवस आणि ८ तासांनी ११५ रुपयांना पडतो, आणि ओव्हरटाइमला दर दुप्पट. ५२ तासांचे महिन्याला १२,००० रुपये, वर्षाला १ लाख ४४ हजार. पण चौथा माणूस आला तरी वर्षअखेर आणि ऑडिटच्या दिवसांत थोडे थांबावेच लागेल, म्हणून वाचणारी रक्कम १ लाख २० हजारच लिहावी. जिथे कारकुनी कर्मचाऱ्यांना ओव्हरटाइम मिळत नाही आणि माणसे नुसतीच आठपर्यंत बसतात, तिथे हे तास लिहावेत, पण रुपये लिहू नयेत. मालकाच्या खिशातून न गेलेले पैसे वाचतील असे सांगता येत नाही.

दुसरी रक्कम सवलतीची. काही पुरवठादार दहा दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सोडतात, एरवी पंचेचाळीस दिवसांची मुदत. बिल मंजूर व्हायलाच सोळा दिवस लागत असल्याने महिन्याला १८ लाखांच्या बिलांवरची सवलत हातची जाते. इथे उत्साहात ‘१८ लाखांचे दोन टक्के’ असे लिहिणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. पैसे पस्तीस दिवस आधी द्यायचे म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटवर तेवढे दिवस व्याज चढणार. दहा टक्के दराने ते जवळपास एक टक्का होते. म्हणजे हाताला लागणारा फायदा एकच टक्का, आणि चौथा माणूस आल्यावरही सगळी बिले दहा दिवसांत निघणार नाहीत. १४ लाखांवर एक टक्का धरला की महिन्याला १४,००० आणि वर्षाला १ लाख ६८ हजार. असे व्याज वजा करून दाखवलेले पाहिले की फायनान्सचा माणूस पुढचे आकडे कमी शंकेने वाचतो.

तिसरी जीएसटीची. बिल नोंदले गेले नाही की त्यावरचा कर परत घेता येत नाही, आणि तेवढा कर रोखीने भरावा लागतो. मोठी बिले आधी उरकली जातात, लहान मागे राहतात, तरीही वर्षभर सरासरी ६ लाख रुपयांचा परतावा अडकलेला दिसतो. हे ६ लाख तोटा नव्हेत, बिल नोंदले की मिळतील. तोटा आहे तो त्यावरच्या व्याजाचा, वर्षाला ६०,००० रुपयांचा. मात्र एक तारीख अशी आहे की ती उलटली की व्याज नाही, मुद्दलच जाते. एखाद्या आर्थिक वर्षातल्या बिलावरचा कर परत मागायची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर तेव्हापर्यंतच असते. मागच्या वर्षी या विभागात ढिगाच्या तळाशी राहिलेल्या बिलांवर ३८,००० रुपये असे कायमचे गेले. ही रक्कम अंदाजाची नाही, लेखापरीक्षकाच्या अहवालात लिहिलेली आहे, म्हणून ती जशीच्या तशी घ्यावी.

१ लाख २० हजार, १ लाख ६८ हजार, ६० हजार आणि ३८ हजार. एकूण ३ लाख ८६ हजार. समोर माणसाचे ३ लाख ७ हजार. वर्षाला ७९,००० चा फरक.

पण पहिल्याच वर्षी नाही. नवा माणूस पहिले तीन महिने निम्म्या गतीने चालतो आणि त्याला शिकवणाऱ्याचाही वेळ जातो. पहिल्या वर्षी बचतीचे तीन चतुर्थांशच हाती लागतील असे धरले तर २ लाख ९० हजार, खर्च ३ लाख ६७ हजार. पहिले वर्ष ७७ हजारांनी तोट्याचे, दुसऱ्या वर्षाअखेर बरोबरी, नफा तिसऱ्यापासून. अर्जात हे असेच लिहावे. सहा महिन्यांत पैसे वसूल होतील असे लिहून माणूस मिळतो, पण पुढच्या वेळी त्या विभागाचा कागद कोणी उघडत नाही.

बरोबरीला दोन वर्षे लागतात तर मालकाने हो का म्हणावे? ‘न घेण्याचा खर्च’ जागच्या जागी उभा राहत नाही, म्हणून. ढीग महिन्याला १६६ बिलांनी वाढतो आहे. पुढच्या सप्टेंबरपर्यंत तो तीन हजारांच्या पुढे जाईल, किंवा ओव्हरटाइम ५२ वरून ९० तासांवर न्यावा लागेल. अडकलेला कर आणि मुदत चुकलेली बिले त्याच चालीने वाढणार.

काही गोष्टी बेरजेत घालता येत नाहीत, त्या ‘जोखीम’ म्हणून वेगळ्या मांडाव्यात. त्यांतली सर्वात जड गोष्ट लहान पुरवठादारांच्या पैशांची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते. धंदा तुटेल या भीतीने पुरवठादार सहसा हे व्याज मागत नाहीत, म्हणून ते खर्चात धरले नाही. पण सरकारच्या पोर्टलवर एकाने तक्रार केली तरी पत्र मालकाच्या नावाने येते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकराचाही पेच आहे. मुदत उलटूनही ३१ मार्चला अशा उद्योगांचे २० लाख रुपये देणे राहिले, तर तो खर्च त्या वर्षी मान्य होत नाही, पैसे दिले त्या वर्षी होतो. कंपनीला सुमारे ५ लाखांचा कर आधीच भरावा लागतो. यात नुसता माल विकणारे व्यापारी येत नाहीत, म्हणून पुरवठादारांची उद्यम नोंदणी पाहून यादी करावी आणि त्यांच्यापैकी कितींची बिले ढिगात आहेत तो आकडा लिहावा. या यादीवर मालकाची नजर सर्वात जास्त वेळ थांबते.

हा सगळा हिशेब मालकाला दाखवायचा नसतो, निदान पहिल्या बैठकीत तरी. त्याच्यासमोर एक पान जावे. वरती मागणी एका ओळीत. खाली भार ५८० तास, हाताशी ४९०. त्याखाली दोन वर्षांतल्या बिलांची महिनावार वाढ, या विभागात ती १,१०० वरून १,६०० झाली, म्हणजे भार एखाद्या ऑर्डरपुरता आलेला नाही हे दिसते. मग घेण्याचा आणि न घेण्याचा खर्च शेजारी-शेजारी, आणि आधी काय करून पाहिले त्याच्या दोन ओळी. तक्ते, मस्टर, ओव्हरटाइमचे रजिस्टर मागच्या पानांना जोडावेत. तिघांची नावे कुठेही घालू नयेत, वेळा कामाच्या आहेत, माणसांच्या नाहीत.

पानाच्या शेवटी बाईंनी स्वतःहून एक अट लिहिली. माणूस आल्यानंतर सहा महिन्यांनी शिल्लक बिले दोनशेच्या आत, मंजुरीचे दिवस सोळावरून नऊवर आणि ओव्हरटाइम महिन्याला दहा तासांच्या आत आला नाही, तर विभागातला पुढचा कोणी सोडून गेल्यावर ती जागा भरली जाणार नाही. यात धोका आहे, पण मालकाला हवी असलेली वाट त्यात आहे. एकदा वाढवलेला माणूस कायमचा वाढला, ही त्याची भीती या ओळीने निम्मी होते.

कागद कधी द्यायचा हेही हिशेबातूनच ठरते. जाहिरात, मुलाखती आणि निवडलेल्या उमेदवाराचा जुन्या नोकरीतला नोटीसचा महिना मिळून दोन महिने सहज जातात, मग शिकण्याचे तीन. मार्चअखेरीला माणूस तयार हवा असेल तर तो डिसेंबरच्या सुरुवातीला खुर्चीत बसला पाहिजे, म्हणजे सप्टेंबरचे आकडे हाती येताच ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पान मालकाच्या टेबलावर हवे. ३० नोव्हेंबरच्या मुदतीला तो माणूस उपयोगी पडणार नाही. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ओव्हरटाइम आधी मागच्या आर्थिक वर्षातल्या बिलांवरच खर्च करायचा, असे बाईंनी त्याच पानावर खाली पेनाने लिहिले आणि ढिगातून तेवढी बिले वेगळी काढायला तिघांना त्याच संध्याकाळी बसवले.